१८६२ कोरलेलं कॉर्नेट खरंच १८६२चं असतं का

प्रश्न: आमच्या डिचोलीच्या जुन्या घरातल्या पेटाऱ्यात पणजोबांचं ट्रंपेटसारखं पितळी कॉर्नेट आणि एक तांब्याचं बिगुल मिळालं. कॉर्नेटच्या बेलवर, म्हणजे फुललेल्या तोंडावर, बारीक इंग्लिश अक्षरं, मेडलांची चित्रं आणि १८६२ असं कोरलंय, बिगुलावर बाणाची खूण आणि १९१५. एक पिस्टन हलत नाही, बेलला दोन ठिकाणी झाळ लावलीय. हे खरंच १८६२चं आहे का आणि साफ करून घ्यायला द्यावं का?

पहिलं म्हणजे साफ करायला देऊ नका, निदान खाली सांगतोय ते सगळं बघून होईपर्यंत तरी. घरी पण चिंच, सोलं, ब्रासो यातलं काही लावू नका. आपल्याकडे समई घासायची सवय असते म्हणून माणसं अशी वाद्यंपण घासतात, पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटामुळे वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबीसर तांबूस होतं, मग ते परत पिवळं करायला घासावंच लागतं आणि घासताना कोरलेली अक्षरं जातात. तीस वर्षं मी म्हापशात बँडची वाद्यं दुरुस्त करतोय, माझ्या टेबलावर आलेल्या जुन्या कॉर्नेटांपैकी किती तरींवरचा मेकरचा पत्ता असाच पुसला गेलेला होता, वाजायला वाद्य उत्तम पण कुठलं ते सांगायला काही उरलेलं नाही.

आता १८६२. ते वर्ष बहुतेक वाद्य बनवल्याचं नाही, मेडल मिळाल्याचं आहे. १८६२ला लंडनला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, तिथे ज्या मेकरला मेडल मिळालं त्याने ते पुढे कित्येक वर्षं आपल्या प्रत्येक वाद्यावर कोरलं, जसं आपल्याकडे अगरबत्तीच्या पुड्यावर सुवर्णपदक छापतात तसंच. पॅरिसची प्रदर्शनं १८५५, १८६७, १८७८, १८८९ आणि १९००ची, लंडनची १८५१ आणि १८६२ची, ही वर्षं डोक्यात ठेवा कारण जुन्या इंग्लिश फ्रेंच वाद्यांवर हीच परत परत दिसतात. यातून एकच गोष्ट पक्की कळते, की जे सगळ्यात शेवटचं मेडल कोरलंय त्या वर्षाच्या आधी ते वाद्य बनलेलं नाही. नंतर किती, ते त्यातून कळत नाही, दहा वर्षांनी असेल किंवा पन्नास वर्षांनी. त्यामुळे भिंगाने नीट बघा, १८६२च्या शेजारी दुसरं एखादं वर्ष अर्धवट पुसलेलं आहे का, कारण तुमचं उत्तर त्या पुसलेल्या वर्षात असू शकतं.

जुन्या वाद्याचं वय काढताना मी सगळ्यात जास्त याच गोष्टीला धरून चालतो. प्रत्येक खूण तुम्हाला "याच्या आधी नाही" एवढंच सांगते, आणि वाद्याच्या प्रत्येक भागाचं वय वेगळं असू शकतं. बेल एका वर्षाची, पिस्टन दुसऱ्या वाद्यातला, सूर जुळवायची सरकती नळी, म्हणजे स्लाइड, कुणीतरी नंतर वाढवलेली, झाळ त्याच्याही नंतरची. आपल्या घरांसारखंच, मूळ भिंती आजोबांच्या काळच्या, कौलं नंतरची, बाथरूम कालपरवाचं, आणि घर किती जुनं असं कोणी विचारलं की आधी कुठला भाग ते विचारावं लागतं.

मी तरी सुरुवात व्हॉल्व्हपासून, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो तिथून करतो, अक्षरांपासून नाही, कारण अक्षरं पुसली जातात पण व्हॉल्व्हची रचना कोणी बदलत नाही. कॉर्नेट उलटं करून तिन्ही व्हॉल्व्हचे तळ बघा. जर वाद्याची मुख्य नळी व्हॉल्व्हच्या अगदी बुडातून, जिथे खालची टोपी असायला हवी तिथून, वाकून बाहेर निघत असेल आणि व्हॉल्व्ह बारीक, बोटाएवढे जाड असतील तर ते श्टोल्झेल पद्धतीचे व्हॉल्व्ह. हाइनरिश श्टोल्झेल हा जर्मन हॉर्नवादक, त्याने १८१४च्या सुमाराला ही कल्पना आणली, त्यात हवा पिस्टनच्या पोकळ तळातून जाते आणि काटकोनात वळते. दिसायला फार सुंदर असतात अशी कॉर्नेटं. पण लोक इथे एक घाई करतात, श्टोल्झेल दिसला की लगेच १८४० म्हणतात, तसं नाही, फ्रेंच कारखान्यांनी स्वस्तातल्या विद्यार्थी कॉर्नेटांवर हीच पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवली होती. म्हणजे श्टोल्झेल व्हॉल्व्ह, हलकं पातळ पितळ, आणि कोरीव काम नसून फक्त शिक्का, असं असेल तर ते १८९०चं पण असू शकतं.

यासाठी फोटोची गरज नाही, तुम्ही फक्त तळाला बोट लावून बघा. तिन्ही तळांना सपाट, आट्यांची टोपी असेल आणि टोपीत मधोमध फक्त हवेचं बारीक भोक असेल, नळ्या सगळ्या बाजूनेच आत जात बाहेर येत असतील तर ते पेरिने व्हॉल्व्ह. फ्रांस्वा पेरिने, पॅरिस, १८३८ ते ३९. आज दुकानात नवीन ट्रंपेट घेतलात तरी त्यात हाच व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे नुसतं पेरिने आहे यावरून फार काही कळत नाही, १८४०पासून आजपर्यंत काहीही. गोव्यात येणाऱ्या वाद्यांत शंभरातली बहुतेक पेरिनेवालीच असतात. मग त्याच्या आतलं बघायचं. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला छोट्या जादा वळणाच्या नळ्या असतील, म्हणजे एका व्हॉल्व्हला दोन दोन वेटोळी आहेत असं दिसत असेल, तर ती कॉम्पेन्सेटिंग पद्धत, लंडनच्या बूझी कंपनीतल्या ब्लेकली नावाच्या माणसाचं पेटंट, १८७४. ती युफोनियम आणि बास वाद्यांवर जास्त दिसते पण कॉर्नेटवरही दिसते, आणि दिसली की १८७४च्या आधीचा विषय संपला. तसंच पिस्टनचा धातू. जुने पिस्टन पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असतात, काहींवर निकल किंवा चांदीचा थर. पिस्टन मोनेलचा असेल, राखाडी, जड, घासलं तरी आतून पिवळं न दिसणारा, तर तो पिस्टन १९०६च्या आधीचा नाहीच, कारण तो मिश्रधातूच त्या वर्षी पेटंट झाला.

अडकलेला पिस्टन पक्कड लावून फिरवू नका, हे हात जोडून सांगतो. वरची आणि खालची टोपी काढा, त्या पण न निघाल्या तर जबरदस्ती नको. वरून आणि खालून रॉकेलचे चार थेंब सोडा, कापडात गुंडाळून दोन दिवस ठेवा, मग खालून लाकडी दांड्याने, पेन्सिलच्या मागच्या बाजूने चालेल, हळू ढकला. आपल्या पावसाळ्यात हिरवा जंगाल साठतो आणि तोच पिस्टन धरून ठेवतो, पिस्टन वाकलेला असतोच असं नाही. निघाला की त्यावर बघा, बारीक अंकात १, २, ३ असा क्रम असतो आणि बऱ्याच मेकरच्या वाद्यांवर सिरियल नंबर पण, तोच नंबर जो मधल्या व्हॉल्व्हच्या बाहेरच्या नळकांड्यावर असतो. दोन्ही नंबर जुळले तर पिस्टन मूळचा. नाही जुळले तर पिस्टन दुसऱ्या वाद्यातून आलाय आणि त्याच्यावरून वय काढायचं नाही.

याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो कारण त्यात सगळ्या गोष्टी एकदम आल्यात. पेडण्याकडच्या एका घरातलं कॉर्नेट माझ्याकडे आलं, घरच्यांचं म्हणणं पोर्तुगीज फौजेच्या बँडमधलं, दीडशे वर्षांचं. बेलवर हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन, आणि खाली एक्सेलसियर सोनोरस हे त्यांच्या क्लासचं नाव. आता हा पत्ताच अर्धं काम करतो. हॉक्स कंपनी डेन्मन स्ट्रीटला १८९५च्या आसपास गेली, त्याआधी ती लेस्टर स्क्वेअरला होती, आणि १९३०ला ती बूझी कंपनीत मिसळून बूझी अँड हॉक्स झाली. म्हणजे नुसत्या पत्त्यावरून वाद्य १८९५ ते १९३० या पस्तीस वर्षांत बसलं, दीडशे वर्षं तिथेच बाद झाली. जुन्या वाद्यांवर हे नेहमी करा, मेकरचं नाव आणि पत्ता आधी, सिरियल नंबर नंतर, कारण प्रत्येक मेकर स्वतःचे नंबर स्वतःच मोजत होता आणि नुसता नंबर हाती असून उपयोग नसतो. बूझीचं सांगायचं तर २९५ रीजंट स्ट्रीट हा पत्ता १८७४पासूनचा, तो दिसला तर त्याच्या आधीचं नाही. आणि बूझी, हॉक्स यांची कारखान्यातली नोंदीची पुस्तकं बरीच टिकलीत, ती लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये आहेत, त्या वाद्याच्या प्रकाराची वही उरली असेल तर सिरियल नंबरवरून नेमकी तारीख मिळते.

तर त्या कॉर्नेटच्या मधल्या व्हॉल्व्हवर नंबर होता, पहिल्या आणि दुसऱ्या पिस्टनवर तोच, तिसऱ्यावर वेगळाच. तिसऱ्या पिस्टनची भोकं नळीच्या भोकांना अर्धा मिलिमीटर चुकत होती, प्रकाशात आरपार बघितलं की चंद्रकोरीसारखी सावली दिसायची, म्हणजे कुणीतरी दुसऱ्या वाद्यातला पिस्टन घासून त्यात बसवलेला. घासल्याच्या रेषा आडव्या होत्या, कारखान्यातल्या फिरत्या यंत्रावरच्या नाही, हाताने पावडर लावून फिरवलेल्या, त्यांची रुंदी आणि खोली सगळीकडे सारखी नव्हती. तो पिस्टन मी वयाच्या हिशोबातून काढून टाकला.

मग मुख्य ट्यूनिंग स्लाइड बघितली आणि इथे खरी मजा आली, म्हणजे मला तरी यात सगळ्यात जास्त आनंद होतो. स्लाइडच्या दोन्ही पायांत मधोमध एक एक तुकडा जोडलेला, पितळ जरा लालसर, मूळ नळीपेक्षा रंग वेगळा, आणि दोन्ही जोडांवर करड्या रंगाची शिशाची झाळ. कारखान्यातला जोड असा उघडा नसतो, चांदी चढवलेल्या वाद्यात त्याच्यावरही चांदीचा थर असतो. तुकड्याची लांबी मोजली, दोन्हीकडे १९ मिलिमीटर. आता हे १९ मिलिमीटर का? ब्रिटिश फौजेचे बँड १९२०च्या दशकाच्या शेवटापर्यंत उंच पिचवर वाजायचे, त्यांचा ला स्वर सेकंदाला ४५२ कंपनांच्या जवळपास, आणि नंतर सगळे ४४०च्या खालच्या पिचवर आले. ४५२ आणि ४४० यात अंतर जवळजवळ अर्ध्या सेमिटोनाचं. बी फ्लॅट कॉर्नेटची नळी सरळ केली तर अंदाजे १३७ सेंटिमीटर, तिला पावणेतीन टक्क्यांच्या जवळपास वाढवायचं म्हणजे साधारण ३७-३८ मिलिमीटर, आणि स्लाइडला दोन पाय असतात म्हणून एका पायाला जवळजवळ १९. तोच तुकडा. म्हणजे वाद्य मुळात उंच पिचचं, आणि नंतर कुणीतरी ते ऑर्गनच्या किंवा पेटीच्या सुरात बसावं म्हणून खालच्या पिचवर आणलं.

तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड मात्र तशीच होती, वाढवली नव्हती, पण तिच्या नळीवर एक काळपट हिरवी रेघ होती, टोकापासून जवळजवळ ४ मिलिमीटरवर, सगळीकडून गोल फिरलेली. त्या वाजवणाऱ्याने ती स्लाइड वर्षानुवर्षं तेवढी बाहेर ओढून ठेवली होती, कारण मुख्य स्लाइड वाढली की व्हॉल्व्हच्या स्लाइडी पण प्रमाणात वाढाव्या लागतात, तिसरीला एका पायाला साधारण साडेतीन ते पावणेचार मिलिमीटर लागतात. तो माणूस हिशोब करून नाही, कानाने तिथे पोचला होता. ती रेघ मी पुसली नाही.

मग वय काय? पत्त्यावरून १८९५ ते १९३०, आणि ते फौजेसाठी बनलेलं असेल तर उंच पिचमुळे १९२९च्या आधी, कारण त्यानंतर फौजेला उंच पिचचं वाद्य बनवून देण्यात अर्थ नव्हता. मात्र नागरी ब्रास बँड इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकापर्यंत उंच पिचलाच चिकटून होते, म्हणून पिच एकट्याने तारीख ठरवत नाही, पत्त्याबरोबर वाचायची. वाद्य पोर्तुगीज फौजेचं असण्यापेक्षा बेळगाव, पुणे, मुंबईच्या ब्रिटिश रेजिमेंटांच्या बँडमधून आलेलं जास्त संभवतं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गायला, शिकलेली पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्या बँडमध्ये नोकरीला जायची, आणि येताना वाद्य घेऊन यायची किंवा लिलावात घ्यायची. त्या घरच्यांना थोडं वाईट वाटलं, पण स्लाइडच्या तुकड्यावरून त्यांना आपल्या माणसाचं वाजवणं कळलं, ते दीडशे वर्षांपेक्षा मला मोठं वाटतं.

तुमचं पिच बघायचं असेल तर मोबाइलवरचं ट्यूनर वापरा, कुणा वाजवणाऱ्याकडून सगळ्या स्लाइडी आत ढकलून बी फ्लॅट घ्या. चांगल्या खालच्या पिचच्या कॉर्नेटवर सुद्धा स्लाइड पूर्ण आत असली की सूर थोडा चढा लागतो, बारा पंधरा मिलिमीटर ओढली की बसतो. उंच पिचचं असेल तर तीस मिलिमीटरच्या आसपास ओढावी लागते आणि स्लाइड हलू लागते, व्हॉल्व्हचे स्वर खोटे होतात. मूळ माउथपीस नसेल तर हे फार धरू नका, माउथपीसच्या शँकची, म्हणजे नळीत जाणाऱ्या दांड्याची लांबीही हिशोब बिघडवते.

कोरीव कामाबद्दल थोडं. श्वासाने बेलवर वाफ सोडा, ढगाळ दिवशी टॉर्च आडवा धरून बघा, उजेड समोरून नको, बाजूने. पुसट अक्षरं ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवली की चक्क वाचता येतात. हाताने कोरलेलं अक्षर भिंगाखाली व्हीच्या आकाराच्या खाचेसारखं दिसतं, एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला निमुळतं, आणि दोन ए सारखे नसतात. पंचने ठोकलेलं अक्षर सगळीकडे एकाच खोलीचं आणि बेलच्या आतल्या बाजूला त्याचा हलका उठाव हाताला लागतो. नंतरचं कोरीव काम ओळखायची युक्ती चांदी किंवा निकल चढवलेल्या वाद्यावर सोपी असते. मेकरच्या अक्षरांच्या खाचेत चांदी असते कारण बहुधा आधी कोरून मग थर दिला, आणि त्याच वाद्यावर मालकाचं नाव किंवा बँडचं नाव असेल आणि त्याच्या खाचेत पिवळं पितळ दिसत असेल तर ते नाव नंतरचं. अशी नंतरची नावं वाईट नसतात, उलट ती वाद्याच्या आयुष्याची नोंद असते, फक्त तिच्यावरून बनण्याचं वय काढू नका.

आणि तुमच्या कॉर्नेटवर मेड इन इंग्लंड असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते बहुतेक १८९०नंतरचं, देशाचं नाव लिहायची पद्धत इंग्लंडच्या १८८७च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर आणि अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानंतर रुळली. फ्रेंच वाद्यावर ब्रेव्हेते हा शब्द किंवा एस जी डी जी ही चार अक्षरं दिसतील, ती पेटंटची खूण, त्यातली एस जी डी जी १८४४च्या फ्रेंच कायद्यानंतरची, तिने फार काही कळत नाही.

एक गोष्ट विकणारे मुद्दाम सांगत नाहीत. उत्तर प्रदेशात मेरठला कित्येक पिढ्यांपासून बँडची वाद्यं बनतात, नादिर अली अँड कंपनी १८८५पासूनची, आणि तिथे बनलेल्या बऱ्याच वाद्यांवर इंग्लिश मेकरची नावं, मेडलं, सगळी नक्कल कोरलेली मिळते. मेरठचं आहे म्हणून वाद्य वाईट असं मी म्हणत नाही, माझ्याकडे मेरठची सुरेख वाजणारी कॉर्नेटं येतात. पण तुमचं १८६२ असं नक्कलेतलं नाही ना, हे बघा. नकलेत स्पेलिंगची चूक, पत्त्यात गल्लीचं नाव गायब, मेडल गोल नाही तर थोडं अंडाकृती, आणि सगळी अक्षरं एकाच खोलीची. मधल्या व्हॉल्व्हवर सिरियल नंबर नसणं ही पण एक खूण, एकट्याने पुरेशी नाही.

बेलच्या झाळेबद्दल विचारलंत. बेल बहुतेक पत्र्याचा तुकडा गुंडाळून शिवण झाळून बनवतात, जुन्या बेलची शिवण दातेरी असते, म्हणजे करवतीच्या दातांसारखी एकमेकांत अडकवलेली, वाफ सोडली की नागमोडी पिवळसर रेघ दिसते. ती दुरुस्ती नाही, ती जन्माची आहे, आणि तिच्यावरून दुरुस्तीची किंमत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हाताने बेल बनवणारे आजही तशी शिवण करतात म्हणून तिने वय ठरत नाही, पण ती सुटत आलेली असेल तर कडक झाळ लागते, शिशाने चालत नाही. तुम्ही म्हणता त्या दोन जागा वेगळ्या असणार, करड्या, मऊ, नखाने ओरखडा पडतो अशा. त्या शिशाच्या झाळेत तांबटाने वर पत्र्याचा तुकडा बसवला असेल, आपल्याकडे घागरी हंडे दुरुस्त करणारेच बँडची वाद्यं करायचे. पॅच किती जुना ते त्यावरून कळतं का, थोडं कळतं. पॅचभोवती मूळ थर, म्हणजे चांदी किंवा निकल, जळून निघालेला असेल तर थर दिल्यावर पॅच बसला. पॅचच्या वरही निकल चढलेलं असेल तर पॅच थराच्या आधीचा, आणि निकलचा थर बाजारात १८७०नंतर आला, क्रोमचा १९२०नंतर, म्हणून चकचकीत निळसर क्रोम दिसला तर त्या खालचं काहीही वय असो, थर तो नंतरचा. स्क्रूवर अधिक चिन्हाची खाच असेल तर तो स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा, एवढी बारीक गोष्ट पण उपयोगी पडते.

थोडं वेळ घेऊन वाजवण्याबद्दल पण सांगतो, माउथपीस जिथे जातो ती नळी आतून बघा. लाळेमुळे आतून जस्त निघालेलं असलं की बाहेरून गुलाबी ठिपके दिसतात, नखाने दाबलं तर त्या जागी पितळ दबतं. ते असेल तर नळी बदलावी लागेल, तेवढी दुरुस्ती चालेल, पण जुनी नळी टाकू नका, नाव लिहून पेटाऱ्यात ठेवा.

बिगुलाचं काम सोपं आहे. बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, बाणाच्या खाली किंवा शेजारी आय अक्षर असेल तर भारत सरकारच्या खात्याची. मेकरचं नाव आणि १९१५ एकाच पद्धतीच्या ठोकलेल्या अक्षरांत, एकसारखे झिजलेले, असतील तर ते वर्ष बनल्याचं आहे, पहिल्या महायुद्धात बिगुलावर सालं ठोकायची पद्धत होती. अंग तांब्याचं आणि तोंडाच्या कडेला पितळेची पट्टी, दोन वेटोळी, हे ब्रिटिश ड्युटी बिगुलाचं रूप, दोन वेटोळ्यांचं बिगुल १८५०च्या दशकाच्या शेवटी आलं, त्याआधी एकाच वेटोळ्याचं लांब असायचं. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते सरकारने विकून टाकलेलं, चोरीचं नाही, याचा उपयोग वारसदारांना पुढे होतो. फक्त रेजिमेंटचा बिल्ला शिशाने चिकटवलेला असेल, बिगुल पूर्ण पातळ पितळेचं असेल आणि बिल्ल्याखाली घासलेला चकचकीत गोल दिसत असेल तर सावध व्हा, असे पर्यटकांसाठी बनवलेले बिगुल भरपूर आहेत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मी ते पाहिलेत. तुमचं तांब्याचं आहे हे चांगलं लक्षण.

साफ करायचं म्हणजे कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, लगेच सुकवणं, बस. पॉलिश नको. पाणी व्हॉल्व्हमध्ये राहू देऊ नका, पिस्टनला व्हॉल्व्ह तेल, स्लाइडीला थोडं व्हॅसलीन चालतं. पावसाळ्यात पेटाऱ्यात ठेवलंत तर सिलिकाची पुडी ठेवा आणि कापडाला फिनेलचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास नको. बेलचं अक्षर, मेडलांची ओळ, मधल्या व्हॉल्व्हचा नंबर, तिन्ही तळ, अडकलेला पिस्टन निघाला तर त्यावरचा नंबर आणि स्लाइडच्या पायांचे जोड, हे सगळं बाजूच्या उजेडात फोटो काढा, आणि पत्ता पूर्ण वाचता आला की मला तेवढं कळवा, मग खरा आकडा काढू.